नोकरी सोडली, करार सुटला का?

वाचकाचे पत्र : मी 34 वर्षांचा असून द्राक्षबागांसाठी द्रवरूप खते बनवणाऱ्या एका कंपनीत तासगाव-मिरज भागाचा विक्री अधिकारी म्हणून सहा वर्षे काम केले. पगार दरमहा 36,000 रुपये होता. 1 फेब्रुवारीला राजीनामा दिला. नेमणूकपत्रात 60 दिवसांची नोटीस होती, पण साहेब तोंडी ‘जा आता’ म्हणाले म्हणून 7 मार्चला थांबलो आणि 10 मार्चपासून दुसऱ्या कंपनीत त्याच मालाच्या विक्रीवर रुजू झालो. आता जुन्या कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे सांगली, सातारा, कोल्हापूर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत स्पर्धकाकडे काम करायचे नाही, केल्यास तीन लाख भरायचे, असे कलम माझ्या सहीनिशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने नुकताच असा बाँड वैध ठरवला आहे, असेही नोटिशीत लिहिले आहे. मित्र म्हणतो, असली कलमे कोर्टात टिकत नाहीत, नोटीस फाडून टाक. वडील म्हणतात, सही केली आहेस तर नवी नोकरी सोड. जाण्याआधी दोन दिवस मी 212 कृषी सेवा केंद्रांची यादी माझ्या खासगी ईमेलवर पाठवली होती, हेही सांगून टाकतो. काय करू?

उत्तर :

तुमचे पत्र वाचताना मला असे वाटले की शेवटचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, परंतु सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काळजी त्याच वाक्याची वाटते. वडील आणि मित्र दोघेही कलमावर बोलत आहेत आणि दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. कलमाचे काय होते ते आधी पाहू आणि मग त्या यादीकडे वळू.

‘सही केली म्हणजे बांधलो गेलो’ हे गृहीतक आपल्याकडे फार खोलवर रुजलेले आहे आणि बहुतेक करारांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु भारतीय करार कायदा, 1872 यातील कलम 27 असे सांगते की कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. ‘तेवढ्यापुरता’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे तो तुमच्या विरुद्धही वापरला जाणार आहे. निरर्थक म्हणजे दोघांनी राजीखुशीने सही केली असली तरी न्यायालय ज्याची अंमलबजावणी करत नाही असा. तुमच्या सहीने जे बंधन निर्माणच होऊ शकत नाही, ते मोडल्याचा दोषही तुमच्यावर येत नाही.

या कलमाचा अर्थ किती कडक लावायचा, हा प्रश्न कायदा झाल्यावर दोनच वर्षांत, 1874 मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आला. एकाच वस्तीत धंदा करणाऱ्या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाने दुसऱ्याला सांगितले की तू इथला धंदा बंद कर, तुझ्या कारागिरांना दिलेली उचल मी भरून देतो. त्याने धंदा बंद केला, पण पैसे मिळाले नाहीत, म्हणून तो न्यायालयात गेला आणि हरला. बंधन एका वस्तीपुरतेच होते, कायमचे किंवा सर्वत्र नव्हते, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. पुढच्याच कलमात, म्हणजे कलम 28 मध्ये, ‘पूर्णपणे’ असा शब्द घातलेला आहे आणि कलम 27 मध्ये तो नाही, तेव्हा अंशतः घातलेले बंधनही त्यात येते, असा त्या निकालाचा तर्क होता. हा जुना निकाल मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तुमच्या नोटिशीत ‘केवळ चार जिल्हे, केवळ दोन वर्षे, म्हणून वाजवी’ अशा अर्थाचे वाक्य नक्की असेल. इंग्लंडमध्ये नोकरीनंतरचे बंधन वाजवी आहे की नाही, हे न्यायालय तोलून पाहते. आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरच्या बंधनाला ती कसोटी लावली जात नाही. चार जिल्ह्यांऐवजी एकटा तासगाव तालुका लिहिला असता आणि दोन वर्षांऐवजी दोन महिने लिहिले असते, तरी उत्तर तेच राहिले असते.

मग न्यायालय पाहते तरी काय? ते मुख्यतः एकच गोष्ट पाहते : बंधन नोकरीचा करार चालू असतानाचे आहे की तो संपल्यानंतरचे. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हे 1967 मधील सर्वोच्च न्यायालयाचे प्रकरण. कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्डचे उत्पादन परदेशी कंपन्यांच्या तंत्रज्ञानावर सुरू होणार होते आणि ते तंत्रज्ञान गुप्त ठेवण्याची जबाबदारी भारतीय कंपनीने घेतली होती. गोलिकरी हे तेथे शिफ्ट पर्यवेक्षक म्हणून पाच वर्षांच्या करारावर लागले, प्रशिक्षण घेतले आणि 1964 मध्ये, म्हणजे मुदत बरीच शिल्लक असताना, राजस्थानातील कोटा येथील स्पर्धक कंपनीत अधिक पगारावर गेले. मुदतीपूर्वी सोडल्यास उरलेल्या काळात तसल्याच धंद्यात काम करायचे नाही, असे त्यांच्या करारात होते. न्यायालयाने त्यांना मनाई केली आणि ती पाच वर्षांची मुदत जेथे संपत होती त्या 15 मार्च 1968 पर्यंतच ठेवली. येथे गोम अशी आहे की गोलिकरी कारखान्यातून निघून गेले होते, परंतु त्यांचा पाच वर्षांचा करार संपलेला नव्हता. राजीनामा देऊन बाहेर पडणे आणि करार संपणे या दोन वेगळ्या घटना असू शकतात, आणि ज्यांच्या नेमणूकपत्रात ‘तीन वर्षांसाठी’ अशी ठराविक मुदत आहे त्यांनी हे विसरू नये.

दुसऱ्या बाजूला सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई हे 1980 मधील प्रकरण आहे. मुरगई दिल्लीतील शाखा व्यवस्थापक होते, आणि नोकरी सोडल्यावर शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी दोन वर्षे तोच धंदा करायचा नाही असे कलम त्यांच्यावर होते. तुमच्या कलमाचा हा जणू जुळा भाऊच. कंपनी हरली, परंतु वकील मंडळी हा निकाल सांगताना अनेकदा जितका ताणतात तितका तो नाही. दोन न्यायमूर्तींनी एवढेच म्हटले की कलमात ‘सोडल्यावर’ असा शब्द आहे, मुरगईंना तर कंपनीने काढून टाकले होते, म्हणून कलम लागूच होत नाही. असे कलम मुळातच कलम 27 खाली निरर्थक आहे, हे सविस्तर लिहिले ते तिसरे न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी, आपल्या स्वतंत्र निकालपत्रात. तुम्ही स्वतः राजीनामा दिला आहे, त्यामुळे केवळ मुरगई प्रकरणावर तुमचा भार टाकू नका. तुमच्या उपयोगाचा खरा निकाल 2006 चा, क्रिकेटपटू झहीर खान यांच्या जाहिरात करारासंबंधीचा आहे. कराराची मुदत संपल्यानंतरही लागू राहणारे बंधन निरर्थक असते आणि हा नियम केवळ नोकरीच्या करारांपुरता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तेथे स्पष्ट म्हटले. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने त्याही पुढचे एक प्रकरण पाहिले. राजीनाम्यानंतर तीन महिने घरी बसा, पगार देतो, पण स्पर्धकाकडे जाऊ नका, असे ते कलम होते. पगार दिला म्हणून बंधन वैध होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. सांगलीतील दिवाणी न्यायालयावर हे दोन्ही निकाल बंधनकारक आहेत.

आता नोटिशीतल्या ‘नुकत्याच’ निकालाकडे येतो. तो निकाल मे 2025 चा, विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे या प्रकरणातला असणार. त्याच्या बातम्या ‘नोकरीचा बाँड वैध’ अशा मथळ्यांनी आल्या आणि तेव्हापासून तो प्रत्येक नोटिशीत येऊ लागला आहे. तेथे कलम असे होते की तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायचे. ते अधिकारी दुसऱ्या बँकेत गेले, परंतु ‘दुसऱ्या बँकेत जाऊ नका’ असे बंधन त्यांच्यावर नव्हतेच. नोकरीत ठराविक काळ राहण्याचे, म्हणजे करार चालू असतानाचे, ते बंधन होते. सार्वजनिक बँकेला जाहिरात, परीक्षा, मुलाखती अशी सगळी भरतीप्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे लक्षात घेऊन ती रक्कम अवाजवी नाही, असे न्यायालयाने म्हटले. करार चालू असतानाचे बंधन आणि नंतरचे बंधन हा फरक या निकालाने पुसलेला नाही, उलट तो पुन्हा एकदा मांडला आहे. तुम्ही सहा वर्षे काम केले आहे. तुमच्याकडून मागितलेले तीन लाख हे लवकर सोडल्याबद्दल नाहीत, तर कोठे गेलात याबद्दल आहेत. जे बंधनच निरर्थक, ते मोडल्याचा दंडही त्याच्याबरोबर जातो. वैध बंधन मोडले असते तरीसुद्धा कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाई ठरवते, तीन लाख लिहिले म्हणून तीन लाख मिळतातच असे नाही.

एवढे वाचून मित्राचे म्हणणे खरे ठरले असे वाटले असेल, तर आता ‘तेवढ्यापुरता’ या शब्दाकडे परत या. स्पर्धकाकडे न जाण्याचे कलम गळून पडले तरी बाकीचे नेमणूकपत्र जिवंत राहते, आणि त्यात तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट नोटिशीच्या काळाची, आणि ती तुलनेने किरकोळ आहे. 1 फेब्रुवारी धरून 60 वा दिवस 1 एप्रिलला येतो. तुम्ही 35 दिवस काम केले, 25 दिवस राहिले. महिन्याच्या पगाराला 30 ने भागले तर दिवसाला 1,200 रुपये, म्हणजे 25 दिवसांचे 30,000 रुपये होतात. नेमणूकपत्रात मूळ पगारावर हिशोब करायचा असे असेल तर त्याहून कमी. पण पैशांपेक्षा नाजूक मुद्दा असा की 10 मार्च ते 1 एप्रिल या 23 दिवसांत कागदोपत्री तुम्ही जुन्या कंपनीचेही नोकर होता, आणि नोकरी चालू असताना स्पर्धकाकडे काम करणे हे निरर्थक बंधनात मोडत नाही, ती सरळ कराराची चूक आहे. तो काळ आता उलटून गेला आहे, त्यामुळे त्यासाठी मनाई मागण्यात अर्थ उरलेला नाही, पण न्यायाधीशांपुढे तुमचे चित्र कसे उभे राहते यात त्याचा वाटा असतो. साहेब ‘जा आता’ म्हणाले याचा काही लेखी माग आहे का? 7 मार्चला कार्यालयाची दुचाकी, नमुन्यांचे सामान, ओळखपत्र परत घेतल्याची पोच, हजेरीच्या ॲपमधून नाव काढल्याचा संदेश, ‘उद्यापासून तुमचा भाग अमुक पाहतील’ असा गटावरचा निरोप, यांपैकी काहीही मिळाले तर कंपनीनेच तुम्हाला त्या दिवशी मोकळे केले, असे म्हणता येईल. काहीच नसेल, तर नोटिशीच्या उत्तरात उरलेल्या दिवसांची रक्कम हिशोबात धरण्याची तयारी दाखवावी, असा माझा सल्ला आहे. तीस हजारांसाठी आपली चांगली बाजू मळवून घेऊ नये.

दुसरी गोष्ट ती यादी. असल्या दाव्यांत कंपनीचे वकील कलम 27 चांगलेच जाणून असतात. म्हणून दावा दिसायला ‘स्पर्धकाकडे गेला’ असा असतो, पण आतला जोर ‘आमची गोपनीय माहिती घेऊन गेला’ यावर असतो. दिल्ली उच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले तर रेषा कोठे आहे ते कळते. 1995 मध्ये टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीच्या माजी कर्मचाऱ्याने ग्राहकांच्या नावा-पत्त्यांची संगणकावरची तयार यादी नेऊन तोच धंदा सुरू केला. मेहनत आणि खर्च करून जमवलेली अशी यादी ही स्वतः एक साहित्यकृती म्हणून कॉपीराइटने संरक्षित असते, असे म्हणून न्यायालयाने त्याला ती वापरण्यास मनाई केली. 2006 मध्ये एका बँकेने आपल्या माजी अधिकारी महिलेविरुद्ध अशीच मागणी केली, तेव्हा मात्र ग्राहकांची ओळख आणि कामातून आलेले ज्ञान यांना ‘गोपनीय’ असे नाव देऊन कर्मचाऱ्याला आडमार्गाने बांधून ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने सुनावले. फरक डोक्यात असलेल्या माहितीत आणि उचलून नेलेल्या फाइलीत आहे.

तुमच्या 212 नावांना हे लावून पाहा. तासगाव, सावळज, मणेराजुरी, कवठेमहांकाळ येथे कोणते कृषी सेवा केंद्र कोठे आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही पाटीवरून कळते. ते कोणाचेही गुपित नाही. सहा वर्षे फिरून दुकानदारांशी जमलेली ओळख, फळछाटणीनंतर कोणत्या दिवसांत कोणते पोषक लागते याची जाण, मातीच्या अहवालावरून शेतकऱ्याला सांगण्याची हातोटी, हे सगळे तुमचे कौशल्य आहे आणि ते कोणतेही न्यायालय तुमच्याकडून काढून घेत नाही. पण त्या यादीत नावांपलीकडे काय आहे? प्रत्येक दुकानदाराला दिलेला खास दर, उधारीची मर्यादा, थकबाकी, मागच्या ऑक्टोबरच्या छाटणीत त्याने उचललेला माल, असे रकाने असतील तर ती माहिती नव्या कंपनीला बाजारात विचारून मिळणारी नव्हती. अशी माहिती कंपनीत किती जणांना पाहता येत होती, तिला पासवर्ड होता का, ती बाहेर न देण्याचे कलम नेमणूकपत्रात आहे का, हे प्रश्न न्यायालय विचारते, आणि उत्तरे कंपनीच्या बाजूची असली तर ती माहिती वापरण्यास मनाई होऊ शकते. ही मनाई नोकरी करण्याला नसते, फाइल वापरण्याला असते. तरीही अशा मनाईचा कागद हाती पडल्यावर नवी कंपनी तुमच्याकडे कशा नजरेने पाहील, हे सांगायला नको.

येथे बहुतेक लोक जी चूक करतात ती तुम्ही अजून केली नसेल, अशी आशा आहे. ती म्हणजे घाबरून ईमेल पुसून टाकणे. ईमेल तुमच्या डब्यातून गेला तरी कंपनीच्या सर्व्हरवर 5 मार्चची नोंद राहते, आणि मग ‘नेला आणि वर पुरावा नष्ट केला’ असे चित्र तयार होते, जे नेण्यापेक्षा वाईट आहे. फाइल उघडू नका, पुढे कोणाला पाठवू नका, तिची छापील प्रत काढू नका आणि ईमेल आहे तसा ठेवा. वकिलामार्फत लेखी कळवा की हस्तांतराच्या कामासाठी अमुक तारखेला ही फाइल मी माझ्या ईमेलवर घेतली होती, ती कोणालाही दिलेली नाही, ती परत करण्यास आणि कंपनीच्या प्रतिनिधीसमोर कायमची पुसण्यास मी तयार आहे. हे खरे असेल तरच लिहा. त्यातला काही भाग नव्या कंपनीत वापरला गेला असेल, तर तो वकिलांना आधी सांगा, कारण खोटे शपथपत्र हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महाग कागदपत्र ठरू शकते.

जुन्या दुकानदारांशी बोलायचे की नाही, याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ते रोज तुमच्यासमोर येणार आहे. या बाबतीत न्यायालयांचा सूर एकसारखा नाही. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विपणन व्यवस्थापकाला स्पर्धकाकडे नोकरी करू दिली, पण जुन्या कंपनीच्या ग्राहकांकडे आणि पुरवठादारांकडे धंद्यासाठी जाण्यास मनाई कायम ठेवली. माझ्या मते नोकरीनंतरच्या बंधनाचाच तो एक प्रकार आहे आणि कलम 27 च्या कसोटीवर तो वादग्रस्त आहे, तरीही माझे मत म्हणजे निकाल नव्हे. तेव्हा तुमच्या नेमणूकपत्रात ग्राहक न वळवण्याचे वेगळे वाक्य आहे का, ते शोधा. ते असेल किंवा नसेल, ‘जुन्या दरापेक्षा कमीने देतो’ असा व्हॉट्सॲप संदेश सगळ्या दुकानदारांना एकगठ्ठा पाठवणे टाळा, कारण जुना दर तुम्हाला कोठून माहीत, हा पहिला प्रश्न त्यावर येतो आणि 212 जणांना एकाच दिवशी गेलेला संदेश यादी वापरल्याचा आयता पुरावा होतो. दुकानदाराने स्वतः फोन केला, नव्या मालाची चौकशी केली, तर उत्तर देण्यात काही गैर नाही.

पत्रे लिहिणाऱ्या इतरांसाठी एक सावधगिरीची सूचना मध्येच घालतो. वरचे सगळे नोकरदारांना लागू आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला आपला कारखाना किंवा विट्यातले आपले दुकान नावलौकिकासह विकणाऱ्याने ‘या भागात तोच धंदा करणार नाही’ असे लिहून दिले, तर ते कलम 27 च्या अपवादात बसते आणि बंधन वाजवी असेल तर न्यायालय ते पाळायला लावते. भागीदारीतून बाहेर पडणाऱ्याचेही, 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, तसेच आहे. ‘नॉन-कॉम्पीट चालतच नाही’ हे वाक्य ऐकून एखाद्या निवृत्त भागीदाराने शेजारीच शटर उघडले, तर तो अडचणीत येईल.

आता न्यायालयात नेमके काय घडेल ते सांगतो, म्हणजे नोटिशीची धास्ती योग्य मापाची राहील. वकिलाची नोटीस हा न्यायालयाचा हुकूम नव्हे. कंपनी दावा लावील आणि त्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा अर्ज देईल, कारण पुढच्या फळछाटणीचा हंगाम गेल्यावर अंतिम निकालाचा तिला उपयोग नाही. या अर्जावर तीन गोष्टी पाहिल्या जातात : प्रथमदर्शनी बाजू कोणाची, मनाई दिल्याने किंवा न दिल्याने जास्त गैरसोय कोणाची, आणि पैशाने भरून न येणारे नुकसान होणार का. कलमाच्या मुद्द्यावर कंपनी पहिल्याच पायरीवर अडते. शिवाय तीन लाख हा आकडा तिनेच करारात लिहिल्यामुळे नुकसान पैशात मोजता येते, हे तिनेच कबूल केल्यासारखे होते. फाइलीच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही आधीच ती परत देऊ केली असेल, तर न्यायाधीश बहुधा वकिलांना विचारतील की ‘गोपनीय माहिती वापरणार नाही’ अशी हमी देता का. ही हमी द्यायला हरकत नाही. पण हमीच्या शब्दांवर लक्ष ठेवा, ‘कंपनीच्या कोणत्याही ग्राहकाशी संपर्क करणार नाही’ असे शब्द घाईत लिहून दिलेत, तर जे कलम न्यायालयाने लादले नसते ते तुम्ही स्वतःवर लादून घ्याल, आणि न्यायालयाला दिलेली हमी मोडणे हा अवमान ठरतो.

तुमची बाजू ऐकण्यापूर्वीच एकतर्फी हुकूम होऊ नये यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली कॅव्हेट दाखल करा. कोठे करायचे ते नेमणूकपत्रातल्या ‘वाद कोणत्या न्यायालयात’ या ओळीवरून ठरवा. तेथे पुणे लिहिले असेल, तर पुण्यात आणि सांगलीत दोन्हीकडे करा. यादीवर कॉपीराइटचा दावा जोडला तर तो जिल्हा न्यायालयाच्या खाली लावता येत नाही, म्हणून दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर आणि जिल्हा न्यायालय या दोन्ही ठिकाणी कॅव्हेट असलेले बरे. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलेच, तर सांगली-सातारकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसते आहे.

नव्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, पण नव्या मालकांना नोटिशीची प्रत आजच द्या, कारण दाव्यात त्यांनाही प्रतिवादी केले जाण्याची शक्यता असते आणि त्यांना ते समन्स आल्यावर कळणे तुमच्या हिताचे नाही. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत उत्तर पाठवा, ते स्पीड पोस्टाने आणि पोच घेऊन. कॅव्हेट दाखल केल्यापासून 90 दिवस टिकते. 20 एप्रिलला केलेत, तर ते 19 जुलैच्या सुमारास संपेल, आणि कंपनीला खरी घाई सुटणार ती ऑक्टोबरच्या छाटणीआधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तेव्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वकिलांना आठवण करून नवे कॅव्हेट टाकण्याची तारीख आत्ताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.